लांबलचक उत्तर मराठी एसएमएसमधून पाठवताना: ७० कॅरेक्टरच्या मर्यादेत क्रमांक घालून तुकडे कसे करावेत

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असला तरी मुंबईतल्या बहुतेक जुन्या इमारतींत दहा-पंधरा घरं अशी असतातच, जिथे घरात दिवसभर असणाऱ्या माणसाकडे बटणांचा साधा फोन असतो. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एसएमएसनेच द्यावं लागतं, आणि एसएमएसला जागेची मर्यादा आहे. उत्तर मोठं असेल तर ते तोडावं लागतं. ते कुठे तोडायचं, क्रमांक कसे टाकायचे आणि कशात घोळ होतो, ते इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरण म्हणून पाण्याच्या टाकीच्या सफाईचा प्रश्न घेतला आहे, कारण कमिटीकडे असे फोन वर्षातून दोनदा तरी येतात.

हे सगळं स्वतःच्या सिमवरून, मोजक्या ओळखीच्या लोकांना हाताने पाठवायच्या मेसेजांसाठी आहे. एखाद्या कंपनीच्या सेवेतून शेकडो लोकांना मेसेज पाठवायचे असतील तर मजकुराचा साचा आधी डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावा लागतो. ते काम वेगळं, त्याची चर्चा इथे नाही.

काय लागेल

- मराठी कीबोर्ड असलेला फोन. मेसेज पाठवायचे ते याच फोनवरून.
- गूगल शीट्स किंवा एक्सेल, कॅरेक्टर मोजायला. फोनवरचं ॲप पुरेसं आहे.
- ज्यांना पाठवायचं त्यांची नंबरांसह यादी, आणि शेजारी खूण करायला एक रकाना.
- एक साधा बटणांचा फोन, तासाभरासाठी मागून आणला तरी चालेल. चाचणीसाठी लागतो.

१. आधी मर्यादा नक्की किती, ते समजून घ्या

एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. इंग्रजी अक्षरं ७ बिटांत मावतात, म्हणून इंग्रजीत १६० कॅरेक्टर बसतात. देवनागरीला प्रत्येकी १६ बिट लागतात, म्हणून मराठीत ७०. अर्धं इंग्रजी आणि अर्धं मराठी असा मेसेज असेल तर काही सवलत मिळत नाही. पूर्ण इंग्रजी मेसेजात एकच देवनागरी अक्षर आलं तरी सगळा मेसेज १६ बिटांवर जातो आणि मर्यादा ७० होते. रुपयाचं चिन्ह ₹ किंवा वर्डमधून आलेलं वळणदार अवतरणचिन्ह आलं तरी हेच होतं.

आता खरी गोम. हे ७० म्हणजे डोळ्यांना दिसणारी ७० अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, स्पेस, टिंब यातलं प्रत्येक वेगळं मोजलं जातं. ‘स्वच्छता’ हा शब्द बघा. वाचताना तीन अक्षरं दिसतात, पण फोन मोजतो ती आठ: स, हलन्त, व, च, हलन्त, छ, त, काना. जोडाक्षरांनी भरलेलं सरकारी वळणाचं मराठी एसएमएसमध्ये महाग पडतं ते यामुळेच. ‘करण्यात येईल’च्या जागी ‘करू’ लिहिलंत की मजकूर सोपा होतो आणि जागाही वाचते.

कीबोर्ड काही वेळा न दिसणारं जोडचिन्हसुद्धा टाकतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द एका कीबोर्डवर ७ कॅरेक्टरचा होतो, तर दुसऱ्या कीबोर्डवर तोच शब्द अगदी तसाच दिसूनही ८ चा भरतो. म्हणून बोटांवर मोजू नका, पुढच्या पायऱ्यांत दिल्याप्रमाणे शीटवर मोजा.

२. फोनला आपोआप तोडू द्यायचं नाही, ते का?

लांब मजकूर लिहून पाठवलात तर फोन स्वतःच त्याचे तुकडे करतो आणि समोरचा फोन ते जोडून एकच मेसेज दाखवतो. जोडणीची माहिती ठेवायला प्रत्येक तुकड्यातले ६ बाइट जातात, त्यामुळे मराठीत एका तुकड्यात ७० ऐवजी ६७ कॅरेक्टर उरतात. दोन्ही बाजूंना चांगले स्मार्टफोन असतील तर ही सोय उत्तम आहे आणि तुम्हाला हा लेख वाचायची गरज नाही.

साध्या फोनवर मात्र तीन प्रकारे बिघडतं. एक तुकडा मागे राहिला तर काही फोन बाकीचे तुकडेही दाखवत नाहीत, सगळे आल्यावरच मेसेज उघडतात. काही फोन जोडतच नाहीत, तुकडे सुटे दाखवतात. तुकडा जिथे ६७ भरतात तिथे तुटलेला असतो, मग तो शब्दाच्या मधोमध असो नाहीतर अक्षराच्या. ‘पिऊ’ मधला प पहिल्या तुकड्यात आणि त्याची वेलांटी पुढच्यात गेली, तर पुढच्या मेसेजच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली वेलांटी दिसते. असं ठिपक्यांचं वर्तुळ कुणी दाखवलं तर समजा की अक्षर मधून तुटलं आहे, फोन बिघडलेला नाही.

तिसरा प्रकार तुमच्याच फोनवर घडतो. ठरावीक संख्येपेक्षा जास्त तुकडे झाले की काही फोन तो मेसेज एमएमएसमध्ये बदलतात. साध्या फोनवर एमएमएस पोचण्याची आशा धरू नका. पैसे वेगळे कापले जातात ते वेगळंच.

आपण स्वतः तोडलं की प्रत्येक तुकडा सुटा, पूर्ण आणि वाचता येण्याजोगा एसएमएस असतो. एक हरवला तर फक्त तोच पुन्हा पाठवता येतो.

३. मजकूर आधी आटवा, मग तोडा

हा क्रम उलटा केलात की मेसेजांची संख्या दुप्पट होते. लालबागच्या एका जुन्या इमारतीत टाकीची सफाई आहे असं धरू. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा प्रश्न आला: “टाकी धुणार म्हणे, पाणी कधी जाणार, कधी येणार, आम्ही काय करायचं?” त्यावर उत्तराचं पहिलं वाक्य सहसा असं लिहिलं जातं:

> सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या इमारतीच्या गच्चीवरील व तळमजल्याच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई रविवारी १८ तारखेला करण्यात येणार असून त्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील.

हे एक वाक्य २०२ कॅरेक्टरचं आहे. क्रमांकाला ४ कॅरेक्टर सोडून एका मेसेजात ६६ उरतात, म्हणजे एवढ्यालाच चार मेसेज लागतील. दर ६६ ला आंधळेपणाने तोडलं तर पहिला मेसेज ‘गच्चीवरील व तळ’ इथे संपतो आणि दुसरा ‘मजल्याच्या’ने सुरू होतो. दुसरा ‘ये’ वर संपतो, तिसरा ‘णार असून’ पासून चालू होतो. चौथ्या मेसेजात फक्त ‘हील.’ एवढंच उरतं. आजोबांनी त्यातून काय समजायचं?

सुरुवातीचं ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की,’ एवढंच ३३ कॅरेक्टर खातं, म्हणजे एका मेसेजातली अर्धी जागा, आणि त्यात माहिती शून्य. ते काढा. ‘तरी सर्वांनी सहकार्य करावे’ हेही काढा. नोटीस बोर्डावर ते शोभतं, इथे नाही. टाक्या गच्चीवरच्या की खालच्या, याचा नळ उघडणाऱ्याला फरक पडत नाही. उरतं ते एवढंच: कुठल्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत.

आटवताना तारीख मात्र गाळू नका. ‘रविवारी’ एवढंच लिहिलं आणि मेसेज शनिवारी रात्री उशिरा पोचला किंवा सोमवारी वाचला गेला, तर कुठला रविवार, हा प्रश्न उभा राहतो. वार आणि तारीख दोन्ही द्या, कॅरेक्टर गेले तरी चालतील.

४. एका मेसेजात एकच काम

आता उत्तराचे तुकडे पाडा, पण लांबीवरून नाही, कामावरून. वाचणाऱ्याने जे एक करायचं किंवा जे एक लक्षात ठेवायचं, त्याचा एक मेसेज. ‘हे’, ‘त्यामुळे’, ‘वरीलप्रमाणे’ असे शब्द तुकड्याच्या सुरुवातीला नकोत. मेसेज उलटसुलट क्रमाने पोचतात, आणि दुसरा आधी आला तर ‘त्यामुळे’ कशामुळे, ते कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या मेसेजात. बाकी पाचही हरवले तरी पहिल्यावर माणसाचं निभलं पाहिजे.

वरचं उत्तर आटवून तोडलं की असं होतं. शेवटी दिलेले आकडे क्रमांक आणि स्पेस धरून मोजलेले कॅरेक्टर आहेत:

> १/६ टाकी सफाई रविवारी, १८ तारखेला. पाणी सकाळी ९ ते दुपारी ३ बंद.

(६४)

> २/६ शनिवारी रात्री ८ ते ९ जादा पाणी सोडू. तेव्हा भरून ठेवा.

(५९)

> ३/६ रविवारी सकाळी ९ आधी गीझर व वॉशिंग मशीनचे नळ बंद करा.

(५६)

> ४/६ दुपारी ३ नंतर नळ ५ मिनिटे मोकळा सोडा. गढूळ पाणी पिऊ नका.

(६०)

> ५/६ घरी आजारी माणूस वा तान्हे बाळ असेल तर वॉचमन पाणी वर देईल.

(६१)

> ६/६ जोराचा पाऊस असेल तर सफाई २५ तारखेला. शंका असेल तर फोन करा.

(६२)

तिसऱ्या मेसेजात ‘रविवारी’ पुन्हा लिहिलं आहे. सलग वाचताना ते जास्तीचं वाटतं, पण हा मेसेज एकटाच वाचला गेला तरी अर्थ लागला पाहिजे म्हणून ते तिथे हवंच. चौथ्यात ‘दुपारी’ का ठेवलं, तेही बघा. ते काढलं तर मेसेज ‘४/६ ३ नंतर’ असा सुरू होतो आणि क्रमांक कुठे संपला, वेळ कुठून सुरू झाली, ते कळत नाही. क्रमांकाच्या लगेच पुढे आकडा कधीच येऊ देऊ नका.

खर्चाचं म्हणाल तर हे सहाही मेसेज क्रमांक काढून सलग जोडले तर ३४३ कॅरेक्टर होतात. फोनने आपोआप तोडले असते तरी ६७ च्या हिशोबाने ते सहाच मेसेज झाले असते. म्हणजे स्वतः तोडण्यात एकही मेसेज जास्तीचा गेला नाही. प्रत्येक वेळी हिशोब इतका बरोबर जुळेलच असं नाही, एखादा मेसेज वाढतो, पण त्याहून जास्त सहसा नाही.

५. क्रमांक कसा लिहायचा

‘१/६’ हा आकार सगळ्यात सुटसुटीत आहे: कितवा, तिरकी रेघ, एकूण किती, मग एक स्पेस. चार कॅरेक्टर. ‘भाग १ पैकी ६’ असं काही लिहायला जाऊ नका. कंस घातलात तर आणखी दोन जातात आणि वाचायला काही सोपं होत नाही. क्रमांक मेसेजच्या सुरुवातीलाच हवा, कारण साध्या फोनच्या इनबॉक्समध्ये मेसेज न उघडता पहिले काही शब्दच दिसतात, आणि म्हातारी माणसं तिथूनच क्रम लावतात.

नुसतं ‘१’, ‘२’, ‘३’ पुरत नाही. एकूण किती हे नसेल तर शेवटचा मेसेज हरवल्याचं कुणाला कळणारच नाही. आपल्या उदाहरणात सहावा हरवला, तर पावसाची अट समजणार नाही आणि माणूस भर पावसात बादल्या भरून बसेल.

एकूण संख्या अर्थातच तोडून झाल्यावर कळते, आणि इथे एक अडचण येते. नऊ मेसेजचे दहा झाले की क्रमांकच लांब होतो. ‘१/९’ आणि स्पेस मिळून ४ कॅरेक्टर होते, ‘१/१०’ चे ५ होतात, ‘१०/१०’ चे ६. आधी बरोबर ७० ला बसवलेले पहिले नऊही आता ७१ होतात. ७१ झाला की फोन त्याचे गुपचूप दोन तुकडे करतो, आणि एका मेसेजचे दोन मोजले जातात. उपाय सोपा आहे. उत्तर मोठं दिसत असेल तर पहिल्यापासून क्रमांकासाठी ६ सोडा आणि मजकुराला ६४ धरा. खरं तर दहाच्या वर मेसेज जात असतील तर फोन लावून सांगणंच बरं.

एकाच दिवशी त्याच माणसाला दोन वेगळी उत्तरं जाणार असतील तर क्रमांकाआधी विषयाचं एक अक्षर लावा. टाकीसाठी ‘ट१/६’, लिफ्टसाठी ‘ल१/३’. एकच कॅरेक्टर जातो, पण टाकीचा दुसरा आणि लिफ्टचा दुसरा यांची खिचडी होत नाही.

६. शीटवर मोजा

प्रत्येक मेसेज क्रमांकासकट A रकान्यात, एका ओळीत एक, असा लिहा. B1 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=LEN(A1)
```

हे सूत्र मात्रा, वेलांट्या, हलन्त, स्पेस आणि न दिसणारी जोडचिन्हं सगळं मोजतं, म्हणजे देवनागरीसाठी फोन मोजतो तसंच. मर्यादा ७० असली तरी शीटवर ६८ च्या वर जाऊ नका. कीबोर्ड शब्द सुचवताना शेवटी एक स्पेस चिकटवतो, तो पाठवताना दिसत नाही पण मोजला जातो.

मोजून आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला तर आधी शेवटची स्पेस बघा, मग दोन शब्दांमधली दुहेरी स्पेस बघा. तरीही जुळत नसेल तर तो शब्द खोडून त्याच फोनवर नव्याने टाइप करा. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरात जोडचिन्हं लपलेली असतात. इमोजी टाकूच नका. बहुतेक इमोजी दोन कॅरेक्टर खातात, काही त्याहून जास्त, आणि साध्या फोनवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

७. पाठवण्याआधी फोनची सेटिंग बघा

तीन गोष्टी तपासा. पहिली, मेसेजच्या शेवटी आपोआप नाव जोडणारी सही काही फोनवर चालू असते. ती बंद करा, नाहीतर तुमचे ६४ चे ८० होतील आणि शीटवर ते दिसणार नाही. दुसरी, पोच कळवण्याची सोय चालू करा. गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये ती प्रगत सेटिंगमध्ये असते. तिसरी सगळ्यात जास्त फसवते. एकाच वेळी अनेक नंबर टाकून पाठवलंत तर ॲप तो ग्रुप एमएमएस समजू शकतं. त्याच प्रगत सेटिंगमध्ये `Group messaging` उघडा आणि `mass text` लिहिलेला पर्याय निवडा, म्हणजे प्रत्येकाला सुटा एसएमएस जातो.

मग मागून आणलेल्या साध्या फोनवर फक्त पहिला मेसेज पाठवून बघा. मराठी नीट दिसलं तर पुढे जा. ओळीने चौकोन दिसले तर त्या फोनमध्ये देवनागरी नाही. तसा फोन यादीतल्या कुणाकडे असेल तर त्याला इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी पाठवा. त्याला १६० कॅरेक्टरची जागा मिळते, त्यामुळे हेच उत्तर तीन-चार मेसेजात बसतं. बाकीच्यांना मात्र देवनागरीच द्या. जागा वाचते म्हणून सगळ्यांना इंग्रजी लिपीत पाठवणं सोयीचं वाटतं, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे त्यांनाच ते वाचायला सगळ्यात जड जातं. चाचणी तुमच्या स्मार्टफोनवरून दुसऱ्या स्मार्टफोनवर करू नका. दोन्हीकडे आरसीएस चालू असेल तर मेसेज इंटरनेटवरून जातो, तिथे ७० ची मर्यादाच नाही, आणि चाचणी फुकट जाते.

८. दिवसाचा कोटा मोजा

बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात. सहा मेसेजचं उत्तर १६ जणांना पाठवलं की ९६ होतात. सतरावा माणूस घेतला की १०२ लागतात, म्हणजे शेवटचे दोन मेसेज अडकतील किंवा त्यांचे पैसे कापले जातील. कुणाला अर्धवट उत्तर मिळण्यापेक्षा सतराव्या माणसाला त्या दिवशी काहीच न गेलेलं बरं. म्हणून यादी १६ पेक्षा मोठी असेल तर उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी पाठवा किंवा कमिटीतल्या दुसऱ्या कुणाच्या सिमवरून पाठवा. चुकलेला मेसेज पुन्हा पाठवायलाही त्याच १०० मधले लागतात, तेव्हा १६ ऐवजी १५ धरलेत तर दहा हाताशी राहतात.

९. कुठल्या क्रमाने आणि किती अंतराने

इथे बरेच जण उलटं करतात. पहिला मेसेज सगळ्यांना, मग दुसरा सगळ्यांना, असं करा. एका माणसाला सहाही एकदम धाडले तर ते एसएमएस केंद्रात एकावर एक साचतात आणि कुठला आधी बाहेर पडेल ते सांगता येत नाही. सगळ्यांना पहिला पाठवून होईपर्यंत आपसूकच मध्ये अंतर पडतं.

त्यातही कुणाचा फोन बंद असेल किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं असेल, तर केंद्र मेसेज धरून ठेवतं आणि फोन परत दिसला की सगळे एकदम सोडतं. त्या वेळी ४, ६, १, २ असा क्रम लागणं नेहमीचं आहे. त्यावर इलाज नाही, क्रमांक त्यासाठीच आहेत.

पोचेची खूण बघून यादीतल्या रकान्यात टिक करा. पोच आली नाही म्हणजे मेसेज गेला नाही असं लगेच धरू नका, तासभर थांबा. घाईने पुन्हा पाठवलं की समोर दोन ‘३/६’ येतात, आणि माणूस दोन्हींत काय फरक आहे ते शोधत बसतो.

१०. हरवलेला किंवा चुकलेला मेसेज

हरवलेला मेसेज पुन्हा पाठवताना तोच मजकूर, तोच क्रमांक. ‘पुन्हा पाठवत आहे’ असं जोडू नका. सभासदांना एकदाच सांगून ठेवा: सहापैकी जो नाही, तेवढा आकडा उलट मेसेजने पाठवा. नुसतं ‘४’ आलं की तुम्हाला कळतं. पण साध्या फोनवर टाइप करायला बऱ्याच जणांना जमत नाही, त्यांनी वॉचमनकडे सांगितलं तरी तेवढंच.

मजकूर चुकला असेल तर गोष्ट वेगळी. समजा नळ ५ मिनिटं नाही, १० मिनिटं सोडायचा आहे. तेव्हा क्रमांक तोच ठेवून पुढे ‘बदल:’ लिहा:

> ४/६ बदल: दुपारी ३ नंतर नळ १० मिनिटे मोकळा सोडा. गढूळ पाणी पिऊ नका.

‘बदल:’ आणि त्यापुढची स्पेस मिळून ५ कॅरेक्टर, १० मधला जास्तीचा आकडा एक. चौथा मेसेज ६० चा होता, आता ६६ झाला, अजून ७० च्या आत आहे. मेसेज काठोकाठ भरायचे नाहीत, हे यासाठीच. ‘७/६’ असा नवा क्रमांक काढू नका, आणि सगळे सहा नव्याने तर मुळीच पाठवू नका. जुने सहा समोरच्याच्या फोनमध्ये तसेच असतात, आणि बारा मेसेजांतून खरे सहा कुठले, हे त्याने कसं ओळखायचं?

तारीखच बदलली तर मात्र ‘बदल’ पुरत नाही. पहिला मेसेज बदलला की दुसऱ्यातला शनिवार आणि सहाव्यातली २५ तारीख दोन्ही खोटे पडतात. अशा वेळी एकच मेसेज पाठवा, ‘टाकीचे आधीचे ६ मेसेज रद्द’ एवढाच, आणि नवा संच दुसऱ्या विषय-अक्षराने सुरू करा. त्या दिवशीचा १०० चा कोटा उरला आहे का, ते रद्दचा मेसेज टाकण्याआधी बघून घ्या, नाहीतर अर्ध्या लोकांकडे फक्त ‘रद्द’ पोचेल आणि नवी तारीख दुसऱ्या दिवशी.